धोट्याची फेरी : एका भ्रमणध्वनीवर हलत्या चित्रांचा पाठ

(प्राथमिक शाळांच्या बालमंडळांसाठी, इयत्ता ४ थी ते ७ वी)

प्रास्ताविक

भिवंडीच्या मुलास यंत्रमागाची ओळख करून द्यावी लागत नाही. पहाटे जागे होताना आणि रात्री झोपी जाताना मागाचा खटखटाट त्याच्या कानी पडत असतो. कित्येकांचे वडील, काका अथवा शेजारी मागावर काम करतात. तथापि वर्गात त्यास असे विचारून पाहावे की, "धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो तो उभ्या धाग्यांच्या वरून, खालून, की मधून?" पुष्कळ मुले गोंधळतात. ही मुले मंद असतात असे नव्हे. धोट्याची एक फेरी डोळ्यांस दिसेल इतकी सावकाश होतच नाही. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून अधिक फेऱ्या मारतो. चालत्या मागापुढे उभे राहिलेल्या मुलास धोटा दिसत नाही. दिसते ती केवळ एक करडी रेघ. जी गोष्ट रोज ऐकली, ती त्याने कधी पाहिलेली नसते.

अशी गोष्ट दृष्टीस आणून देण्याची एक युक्ती महाराष्ट्रास फार पूर्वीपासून ज्ञात आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, तिच्यासमोर कॅमेरा स्थिर ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाचे थोडे थोडे चित्रण केले. मिनिटभराहून किंचित अधिक लांबीच्या त्या चित्रपटात बी फुटून त्याचा वेल होताना दिसतो. 'अंकुराची वाढ' हे त्याचे नाव. हा लहानसा चित्रपट पाहून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली आणि पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. काड्यापेटीतील काड्या हलत्या करून दाखविणारा 'आगकाड्यांची मौज' हा लघुपटही फाळके यांनी केला.

वाटाण्याची वाढ इतकी मंद, की डोळ्यांस ती कळत नाही. धोट्याची धाव इतकी जलद, की तीही कळत नाही. फाळके यांनी मंद गोष्ट जलद करून दाखविली. प्रस्तुत पाठात त्याच रीतीने जलद गोष्ट मंद करून दाखवावयाची आहे. त्यासाठी शाळेत एक भ्रमणध्वनी, म्हणजे मुलांच्या भाषेत एक मोबाइल, असला की पुरे.

चित्रे हलतात ती कशी?

चित्रपटात चित्र हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे इतक्या झपाट्याने डोळ्यांपुढून जातात, की दोन चित्रांमधील फरक हाच हालचाल म्हणून भासतो. चित्रपटगृहात सेकंदास २४ चित्रे दाखविण्याचा प्रघात आहे. मुलांच्या कामास सेकंदास ८ चित्रे पुरतात. हालचाल किंचित खडबडीत दिसते. पण कामाचा बोजा तिपटीने कमी होतो, आणि धोट्यासारख्या झटक्याने चालणाऱ्या वस्तूस तो खडबडीतपणा शोभूनही दिसतो.

हे तत्त्व सांगण्यापूर्वी मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर १६ पानांत एक ठिपका प्रत्येक पानावर थोडा थोडा पुढे सरकवून काढावा आणि अंगठ्याने पाने भरभर सोडावीत. ठिपका धावू लागतो. ज्या मुलाने दोन पानांत ठिपका फार दूर नेला असेल, त्याचा ठिपका धावत नाही, उडी मारतो. चित्रांतील अंतर हाच वेग होय, ही गोष्ट मुलास येथेच कळते. पुढील सर्व गणित याच एका गोष्टीवर उभे आहे.

पाठाचे साहित्य

पाव ताव ड्रॉइंगचा पांढरा कागद, त्यावर चिकटविण्यासाठी निळ्या कागदाच्या ४ व पिवळ्या कागदाच्या ४ पट्ट्या, लाल लोकरीचा एक लहान गुंडा, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि मोजपट्टी एवढे साहित्य जमवावे. कागदी चटई विणण्याचा जो उद्योग मुले खालच्या इयत्तांत करतात, त्याचेच हे थोडे मोठे रूप आहे.

प्रत्येक पट्टी दीड सें.मी. रुंद व २० सें.मी. लांब कापावी. एक निळी, एक पिवळी या क्रमाने आठही पट्ट्या कागदावर उभ्या मांडाव्यात व दोहोंमध्ये अर्धा सें.मी. जागा ठेवावी. पट्ट्यांचे मागचे टोक कागदास घट्ट चिकटवावे. मुलांकडील टोक मोकळे सोडावे. हा झाला ताणा, म्हणजे कापडातील उभे धागे. निळ्या पट्ट्या विषम क्रमांकाच्या व पिवळ्या सम क्रमांकाच्या धाग्यांच्या जागी आहेत.

पुठ्ठ्याचा ६ सें.मी. लांबीचा, दोन्ही टोकांस निमुळता असा धोटा कापावा. कारखान्यात यासच शटल म्हणतात. लाल लोकर म्हणजे बाणा, अर्थात आडवा धागा. तिचे एक टोक ताण्याच्या डाव्या कडेस कागदावर चिकटवावे व दुसरे धोट्याखाली चिकटपट्टीने असे अडकवावे, की लागेल तशी लोकर सोडता येईल. पुठ्ठ्याची आणखी एक लांब पट्टी कापावी. उचललेल्या धाग्यांवर ती ठेवली म्हणजे ते परत खाली येत नाहीत. मागावर धागे वर-खाली करणारी जी चौकट असते, तिच्या जागी ही पट्टी आहे. शेवटी दात पाडलेला पुठ्ठ्याचा तुकडा करावा. ही फणी. आडवा धागा विणलेल्या कापडाकडे ठोकून बसविणे हे तिचे काम.

खऱ्या मागावर उभे धागे दोन्हीकडून ताणलेले असतात, या नमुन्यात त्यांचे एक टोक मोकळे आहे. हा फरक मुलांस आरंभीच सांगावा. नमुना म्हणजे यंत्र नव्हे, यंत्रातील एका गोष्टीचे ते स्पष्टीकरण होय.

भ्रमणध्वनीची मांडणी

सर्व चित्रे एकाच जागेवरून घेतली गेली तरच पट्टी हलते आणि कागद स्थिर राहतो. म्हणून भ्रमणध्वनी हातात धरून चित्रे घेऊ नयेत. सारख्या उंचीचे दोन जड डबे मेजावर ६० सें.मी. अंतराने ठेवावेत व त्यांवर एक फळी आडवी टाकावी. फळी मेजापासून सुमारे ४० सें.मी. उंच असावी. भ्रमणध्वनी पडदा वर करून फळीवर असा ठेवावा, की त्याचे भिंग फळीच्या कडेबाहेर येऊन सरळ खाली पाहील. मग तो चिकटपट्टीने फळीस व फळी डब्यांस पक्की करावी. कागदाच्या चार कोपऱ्यांत पेन्सिलीने चार फुल्या काढाव्यात. चारही फुल्या पडद्यावर दिसतील इतकी उंची ठेवावी. कागद मेजास चिकटवून टाकावा.

बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो. तारेचे कर्णयंत्र जोडता येत असेल, तर पुष्कळ भ्रमणध्वनींत त्याच्या तारेवरील आवाजाच्या बटणाने चित्र घेता येते. तसे नसल्यास ३ सेकंदांनी आपोआप चित्र घेणारी सोय वापरावी. तेवढ्या अवधीत हाताचा हादरा शमतो. काम चालू असता दूरध्वनी आला तर सर्वच खोळंबते, म्हणून विमान मोड सुरू करावा. भ्रमणध्वनी बहुधा शिक्षकाचा स्वतःचा असतो. त्यातील खासगी छायाचित्रे व निरोप मुलांसमोर येऊ नयेत यासाठीही ही मांडणी सोयीची आहे, कारण फळीवर चिकटविलेला भ्रमणध्वनी हातोहात फिरत नाही.

चित्रे जोडण्यासाठी Stop Motion Studio यासारखे उपयोजन आधीच उतरवून घ्यावे. त्याची विनामूल्य आवृत्ती या पाठास पुरते. या उपयोजनाचा विशेष हा, की मागील चित्र पडद्यावर पुसटसे दिसत राहते व नवे चित्र त्यावर पडलेले दिसते. धोटा किती सरकला, हे त्यामुळे चित्र घेण्यापूर्वीच कळते.

एका फेरीची चित्रे

आता फेरीचा क्रम ठरवावा. पहिल्या फेरीत चारही निळ्या पट्ट्या मागे दुमडाव्यात व त्यांवर पुठ्ठ्याची लांब पट्टी ठेवावी. यास २ चित्रे : एक अर्धवट दुमडलेल्या स्थितीचे व एक पूर्ण दुमडलेल्या स्थितीचे. नंतर काही न हलविता आणखी २ चित्रे घ्यावीत. ही दोन चित्रे वाया गेल्यासारखी वाटतात. पण ती नसतील तर पाहणाऱ्यास वाट उघडल्याचे ध्यानात येण्यापूर्वीच धोटा निघून जातो.

मग धोटा डावीकडून उजवीकडे न्यावा. ताण्याची रुंदी सुमारे साडेपंधरा सें.मी. आणि धोट्याची लांबी ६ सें.मी.; धोटा ताण्याबाहेरून निघून पलीकडे ताण्याबाहेर जाईपर्यंत २४ सें.मी. चालतो असे धरावे. हे अंतर प्रत्येकी ३ सें.मी. याप्रमाणे ८ चित्रांत पार करावे. कागदाच्या कडेस दर ३ सें.मी. वर बारीक खुणा असाव्यात. धोट्यामागे लाल लोकर उलगडत जावी. ती पिवळ्या पट्ट्यांवर पडेल.

नंतर लांब पट्टी काढून निळ्या पट्ट्या परत खाली आणाव्यात : २ चित्रे. आता लाल धागा पिवळ्यांच्या वर व निळ्यांच्या खाली असा मधोमध अडकला. शेवटी फणी पुढे यावी, धाग्यास भिडावी व मागे जावी : ४ चित्रे. पडद्यावर फणी धागा ढकलताना दिसते. प्रत्यक्षात दोन चित्रांच्या दरम्यान तो बोटाने सरकविलेला असतो. या लबाडीचा मुलांना मोठा आनंद होतो, आणि चित्रपट हा अशा लहान लहान लबाड्यांचा बनलेला असतो हेही त्यांस उमगते.

२ व २, ८, २ आणि ४ मिळून एका फेरीची १८ चित्रे झाली. दुसऱ्या फेरीत पिवळ्या पट्ट्या उचलाव्यात व धोटा उजवीकडून डावीकडे आणावा. लोकर कडेशी वळून परत येते व त्या वळणाने कापडाची किनार तयार होते. सदऱ्याच्या कापडाची किनार उसवत का नाही, याचे उत्तर त्या एका वळणात आहे.

अशा ८ फेऱ्यांची १४४ चित्रे होतात. आरंभी नावाच्या पाटीची १६ व शेवटी तयार कापडाची १६ मिळून एकूण १७६. सेकंदास ८ या हिशेबाने चित्रपट २२ सेकंदांचा होईल. एक फेरी पडद्यावर सव्वादोन सेकंद चालेल. खरा माग मिनिटास १२० फेऱ्या मारतो असे धरले, तर त्याची एक फेरी अर्ध्या सेकंदात होते. म्हणजे मुलांनी यंत्रास साडेचार पट मंद केले. १२० हा आकडा मुलांनी तसाच स्वीकारू नये. घरी मागावर काम करणारे कोणी असेल, तर त्यांच्या मागाचा खरा वेग विचारून यावा व हिशेब पुन्हा मांडावा.

चोवीस मुले आणि एक भ्रमणध्वनी

एका भ्रमणध्वनीभोवती चोवीस मुले उभी राहिली तर चार मुले काम करतात आणि वीस मुले मेज हलवितात. यासाठी मुलांचे सहा-सहांचे चार गट करावेत. प्रत्येक गटाने दोन फेऱ्या, म्हणजे ३६ चित्रे घ्यावीत. एका चित्रास सरासरी ४० सेकंद धरले, तर गटाचे काम २४ मिनिटांत होते. गट बदलण्याचा वेळ धरून चारही गट एका शनिवारी दोन तासांत आटोपतात. मांडणी उघडी ठेवून शाळा सोडावी लागत नाही, हा यातील मोठा लाभ. एक शनिवार तयारीस, दुसरा चित्रे घेण्यास व तिसरा आवाज भरून दाखविण्यास, असे तीन शनिवार या पाठास द्यावेत.

गटातील सहा मुलांची कामे ठरलेली असावीत. एकाने पट्ट्या उचलाव्यात, एकाने धोटा सरकवावा, एकाने फणी व लोकर सांभाळावी, एकाने बटण दाबावे. पाचव्याने "हात बाहेर!" अशी सूचना द्यावी, सर्वांचे हात मेजाबाहेर गेल्याखेरीज बटण दाबू नये. सहावे काम दिसण्यात साधे, पण सर्वांत मोलाचे : नोंद ठेवणे. नोंदवहीत फेरीचा क्रमांक, चित्राचा क्रमांक व त्या चित्रात काय झाले हे प्रत्येक चित्रानंतर लिहावे. दुसऱ्या फेरीस मुलांनी कामे आपसांत बदलावीत.

उरलेल्या अठरा मुलांस त्या वेळी दुसरे काम हवे. त्यांनी आपल्या बाकावर साध्या कागदाची हीच वीण विणून पाहावी, नावाच्या पाटीची अक्षरे कापावीत व चित्रपटासोबत बोलावयाची पाच-सहा वाक्ये तयार करावीत. भिवंडीच्या वर्गात मराठीखेरीज उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुलेही असतात. धोटा, ताणा, बाणा व फणी यांस आपल्या घरी काय म्हणतात, हे प्रत्येकाने विचारून यावे व ते शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत. विणकराच्या घरातील जे मूल एरवी वर्गात बोलत नाही, त्यास या तासाला सांगण्यासारखे पुष्कळ असते.

काय बिघडते व ते कसे ओळखावे

या कामात तीन दोष वारंवार घडतात.

पहिला दोष उजेडाचा. चित्रपट लावला असता पांढरा कागद क्षणात उजळ, क्षणात मळकट होत असल्यासारखा दिसतो. भ्रमणध्वनी प्रत्येक चित्राच्या वेळी उजेड स्वतः ठरवितो, त्यामुळे हे होते. शेजारी पांढरा सदरा घातलेला मुलगा वाकला तरी कागदावर उजेड वाढतो आणि यंत्र फसते. खिडकीतील ऊनही ढगांबरोबर बदलते. यावर उपाय असा : खिडकी लावून घ्यावी, डाव्या व उजव्या बाजूंनी दोन सारखे दिवे थोडे तिरपे ठेवावेत व फळीची सावली कागदावर पडत नाही हे पाहावे. पुष्कळ भ्रमणध्वनींत पडद्यावर कागदाच्या जागी बोट काही वेळ दाबून धरल्यास उजेड व स्पष्टता जागच्या जागी कायम होते. उपयोजनातही अशी सोय असल्यास ती वापरावी. सोय लागू झाली की नाही, हे अनुमानाने ठरवू नये. काही न हलविता दहा चित्रे घ्यावीत. त्या वेळी एका मुलाने मेजाजवळ यावे व दूर जावे. दहा चित्रे चालवून पाहता कागद श्वास घेत असल्यासारखा दिसला, तर उजेड अजून बांधला गेलेला नाही.

दुसरा दोष धक्क्याचा. समजा, दुसरा गट काम करीत असता कोणाचा तरी कोपर फळीस लागला. पुढचे चित्र घेण्यापूर्वी पडद्यावर पाहिले, तर चारही फुल्या दुहेरी दिसू लागतात : एक मागील चित्रातील पुसट व एक आताची. दुहेरी फुल्या हीच धक्क्याची खूण. तत्काळ भ्रमणध्वनी किंचित सरकवून फुल्या एकावर एक आणाव्यात व काम पुढे चालवावे. परंतु ही गोष्ट ध्यानात न येता आणखी दहा चित्रे घेतली गेली, आणि चालवून पाहता ६१ व्या चित्रापाशी सर्व मेज उडी मारते असे दिसले, तर काय करावे? येथे नोंदवही उपयोगी पडते. पहिल्या तीन फेऱ्यांची चित्रे ५४. म्हणून ६१ वे चित्र हे चौथ्या फेरीतील ७ वे. फेरीची पहिली ४ चित्रे पट्ट्यांची, म्हणजे हे धोट्याचे तिसरे पाऊल. चौथ्या फेरीत पिवळ्या पट्ट्या वर असतात व धोटा उजवीकडून निघतो. अर्थात तो निघाल्या जागेपासून ९ सें.मी. वर असला पाहिजे. ६१ पासून पुढची चित्रे काढून टाकावीत, धोटा तेथे परत ठेवावा, लोकर तेवढीच सोडावी, फुल्या जुळवाव्यात आणि ६१ वे चित्र पुन्हा घ्यावे. नोंद नसेल तर गटास सर्व फेरी नव्याने करावी लागते. नोंद का ठेवावी, हे मुलास उपदेशाने पटत नाही. ते असे पटते.

तिसरा दोष विणीचा, आणि पाठाच्या दृष्टीने तोच सर्वांत बोधप्रद. एक गट उठून दुसरा बसतो तेव्हा कोणत्या पट्ट्या उचलावयाच्या याचा विसर पडतो. पिवळ्यांच्या फेरीमागून पुन्हा पिवळ्याच उचलल्या गेल्या, तर दोन लाल धागे एकाच वाटेत शेजारी पडतात; फणी ठोकली की ते एकत्र येतात आणि कापडात एक जाड रेघ दिसते. दुसरे असे, की कडेशी धागा अडकत नाही. लोकर हलकेच ओढली तर फेरी उसवून बाहेर येते. शिक्षकाने ही चूक लगेच सुधारू नये. मुलांसच लोकर ओढून पाहू द्यावी. धाग्यांनी आलटून पालटून वर-खाली झाल्याखेरीज कापड होत नाही, हे तत्त्व त्या उसवलेल्या फेरीतून कळते. चूक टाळण्याचा नियम सोपा आहे : शेवटच्या लाल धाग्यावर ज्या रंगाच्या पट्ट्या दिसतात, त्या सोडून दुसऱ्या रंगाच्या उचलाव्यात.

स्थिर चित्रांची कथा

जेथे मुले लहान आहेत, अथवा उपयोजन उतरविण्याची सोय नाही, तेथे हाच पाठ पाच स्थिर चित्रांत करावा : पट्ट्या उचललेल्या, धोटा मध्यावर, धोटा पलीकडे, पट्ट्या खाली, फणी धाग्यास भिडलेली. ही पाच छायाचित्रे क्रमाने पुढे-मागे दाखवून प्रत्येकाखाली मुलांकडून एक-एक वाक्य लिहून घ्यावे. चित्रांचा क्रम मुद्दाम बिघडवून मुलांस तो लावण्यास सांगावा. हालचालीचा आनंद यात कमी आहे. परंतु क्रमाचे ज्ञान तितकेच पक्के होते.

मागाच्या कारखान्यात जाऊन चालत्या मागाचे चित्रण करण्याचा मोह टाळावा. चालत्या मागाजवळ मुलांस नेणे धोक्याचे आहे, आणि धोटा तर छायाचित्रातही रेघच दिसतो. चित्रपटात अथवा कथेत मुलांचे चेहरे येणार असतील, तर पालकांची संमती आधी घ्यावी. येथे केवळ हात व कागद दिसत असल्यामुळे तो प्रश्न बहुधा उद्भवत नाही.

आवाज व परीक्षण

तिसऱ्या शनिवारी आवाज भरावा. मागाचा आवाज मुलांनी स्वतः निर्माण करावा : धोटा कडेस पोचला की लाकडी पट्टीने मेजावर एक ठोका, फणी भिडली की दुसरा. हे ठोके चित्राशी जुळविताना मुले चित्रपट पुनःपुन्हा पाहतात आणि फेरीचा क्रम त्यांच्या ध्यानात पक्का बसतो. पंखे बंद करून शांत खोलीत आवाज घ्यावा.

पाठाचे परीक्षण प्रश्नपत्रिकेने करू नये. पहिल्या शनिवारी, काहीही शिकविण्यापूर्वी, प्रत्येक मुलाकडून "धोटा धाग्यांतून कसा जातो" याचे चित्र काढून घ्यावे व ते जपून ठेवावे. तिसऱ्या शनिवारी तेच चित्र पुन्हा काढून घ्यावे व दोन्ही शेजारी ठेवावीत. दुसऱ्या चित्रात धागे एकाआड एक वर-खाली आहेत काय, आणि बाणा कडेशी वळून परत येतो काय, या दोनच गोष्टी पाहाव्यात.

शक्य असल्यास चित्रपट पालकांस दाखवावा व मागावर काम करणाऱ्या एखाद्या पालकास त्यातील चुका सांगण्याची विनंती करावी. ते कदाचित म्हणतील की, मध्ये कोठे धागा तुटला ते दाखविले नाही. माग खरा तेथेच थांबतो आणि कारागिराचे खरे काम तेथेच सुरू होते. ही सूचना बालमंडळाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. पुढील चित्रपटाचा तो विषय होय : एक निळी पट्टी मध्येच तुटलेली, धोटा थांबलेला, आणि गाठ मारणारी दोन बोटे. त्या चित्रपटात "हात बाहेर!" ही सूचना देण्याचे कारण उरणार नाही, कारण या वेळी हातच दाखवावयाचे आहेत.

गृहपाठ

१. घरातील एका जुन्या कापडाच्या कडेचे दोन-चार धागे सुईने सोडवून पाहा. आडवा धागा कडेशी वळतो, की कापलेला आहे, ते लिहा.

२. तुमच्या ओळखीच्या मागाचा मिनिटाचा वेग विचारा व आपला चित्रपट त्याच्या किती पट मंद आहे ते काढा.

३. एका फेरीची चित्रे १८ ऐवजी २४ केली व वेग तोच ठेवला, तर ८ फेऱ्यांना किती सेकंद लागतील? वाढविलेली ६ चित्रे तुम्ही कोणत्या क्रियेस द्याल व का?